हेडलॅम्प असूनही उतारावर ठेच का लागते? रात्री धावणाऱ्यांच्या एका नेहमीच्या तक्रारीचे निवारण

रात्री टेकडीवर धावणाऱ्यांकडून एक तक्रार वारंवार ऐकू येते. हेडलॅम्प चांगल्यापैकी असतो, बॅटरी पूर्ण भरलेली असते, चढावर काहीच अडत नाही. पण उतार लागला की पाय दगडाला अडखळतो, किंवा वीतभर खोल खळगा लक्षातच येत नाही आणि गुडघ्याला हिसका बसतो. यावर बहुतेकांचा पहिला उपाय ठरलेला असतो, तो म्हणजे आधीपेक्षा जास्त ल्यूमेनचा दिवा विकत घेणे. नवा दिवा येतो, रस्ता अधिक पांढरा दिसू लागतो आणि ठेचा मात्र पूर्वीइतक्याच लागत राहतात. याचे कारण असे की बहुतेक ठेचा उजेड कमी पडल्यामुळे लागत नाहीत. उजेड चुकीच्या जागेवरून आणि चुकीच्या कोनात पडतो, म्हणून त्या लागतात.

आधी ठेचांची नोंद घ्यावी

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी ठेच नेमकी केव्हा आणि कुठे लागते हे पाहिले पाहिजे, कारण वेगवेगळ्या दोषांच्या खुणा वेगवेगळ्या असतात. धावून घरी परतल्यावर, आठवण ताजी असतानाच, प्रत्येक अडखळण्याबद्दल तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात: सुरुवातीपासून किती वेळ झाला होता, जमीन चढाची, सपाट की उताराची होती, आणि आसपास काय होते, म्हणजे धुके, गवत, समोरून येणारी गाडी, किंवा मागे धावणारा सोबती.

ठेचा पहिल्या अर्ध्या तासातही लागत असतील आणि त्या जवळजवळ सगळ्या उतारावरच्या असतील, तर दोष दिव्याच्या जागेचा आणि कोनाचा आहे. पहिला तास निर्वेध जाऊन पुढे कुठेही ठेचा सुरू होत असतील, तर बॅटरीकडे पाहावे. धुक्यात किंवा पावसातच त्रास होत असेल, तर उजेड डोळ्यांकडे परत फेकला जात आहे. सडकेवर गाडी जवळून गेल्यानंतरच्या काही सेकंदांत पाय चुकत असेल, तर दिपलेले डोळे पूर्ववत होण्याआधीच पुढचे पाऊल पडत आहे. गटात धावतानाच ठेच लागत असेल, तर बहुधा मागच्या माणसाच्या हेडलॅम्पमुळे तुमचीच सावली तुमच्या पुढच्या पावलावर पडत असते. हे शेवटचे कारण फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही, पण त्यावरचा उपाय सर्वांत सोपा आहे: आठ-दहा मीटर अंतर ठेवावे, किंवा वाट रुंद असेल तर तिरपे धावावे.

कपाळावरचा दिवा सावली लपवतो

दिवसा आपल्याला दगडाचा उंचसखलपणा समजतो तो मुख्यतः त्याच्या सावलीमुळे. हेडलॅम्प मात्र डोळ्यांच्या अगदी जवळ, जेमतेम पाच-सहा सेंटिमीटर वर असतो. त्यामुळे दगडाची जी सावली त्याच्या मागे पडते, ती नेमकी त्याच दगडाआड झाकली जाते. डोळ्याला दिसतो तो फक्त पुढून उजळलेला, सपाट, मागच्या मातीत मिसळून गेलेला दगड. चित्र भरपूर उजळ असते, पण त्यात खोली नसते.

हे आकड्यांत मांडले की नीट पटते. धावणाऱ्याचे डोळे जमिनीपासून १६० सेंटिमीटरवर आणि कपाळावरचा दिवा १६६ सेंटिमीटरवर आहे असे धरू. चार मीटर पुढे सपाट वाटेवर ८ सेंटिमीटर उंचीचा दगड आहे. कपाळावरच्या दिव्याने त्याची सावली सुमारे २० सेंटिमीटर लांब पडते, आणि डोळ्यांच्या उंचीवरून पाहताना तो दगड आपल्यामागची सुमारे २१ सेंटिमीटर जमीन झाकतो. म्हणजे सावली पूर्णच झाकली गेली. आता तोच दिवा कमरेला, जमिनीपासून १०० सेंटिमीटरवर बांधला, तर सावली सुमारे ३५ सेंटिमीटरची होते आणि तिच्यातली १४ सेंटिमीटर डोळ्याला दिसते. दिवा हातात धरून ७५ सेंटिमीटरवर आणला, तर दिसणारी सावली २७ सेंटिमीटरच्या आसपास जाते. दिव्याची ताकद यत्किंचितही न वाढवता दगडामागे काळीभोर पट्टी उमटते आणि पाय आपोआप उचलला जातो.

खळग्याचेही तसेच आहे. कपाळावरून पाहिलेल्या खळग्याच्या आत जितका भाग दिसतो तितका सगळा उजळलेला असतो, त्यामुळे तो सपाट जमिनीसारखाच भासतो. कमरेवरच्या दिव्याने खळग्याची अलीकडची कड अंधारात राहते आणि तिथे खोली आहे हे कळते. सडकेवरच्या, रंगाचे पट्टे पुसल्या गेलेल्या गतिरोधकाचा उंचवटा हेडलॅम्पमध्ये दिसत नाही, पण कमरेच्या दिव्यात दिसतो, तोही याच कारणाने.

याची खात्री घरच्या गच्चीत किंवा सोसायटीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात पाच मिनिटांत करता येते. जमिनीवर मुठीएवढे चार-पाच दगड टाकावेत, चार पावले मागे उभे राहावे, दिवा आधी कपाळाशी धरावा आणि मग हळूहळू बेंबीपर्यंत खाली आणावा. दिवा छातीखाली उतरला की दगड जमिनीवरून वर उठल्यासारखे वाटू लागतात.

उतारावर झोत पुढे निघून जातो

दुसरे कारण कोनाचे आहे आणि ते खास उताराचेच आहे. बहुतेक जण घराबाहेर पडताना, सपाट जमिनीवर उभे राहून हेडलॅम्पची मान एकदाच बसवतात आणि झोताचा मध्य पाच-सहा मीटर पुढे पडेल असे पाहतात. समजा तो बरोबर ६ मीटरवर पडला. आता वाट १० अंशांनी उतरू लागली, म्हणजे १० मीटर पुढे गेल्यावर सुमारे पावणेदोन मीटर खाली, तर डोके तसेच ठेवल्यास झोताचा मध्य ६ मीटरवरून थेट १६ मीटरच्या पुढे जातो. उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. म्हणून एवढ्या अंतरावर तो सातपटींहून अधिक फिका पडतो, शिवाय तो जमिनीला चाटून जातो. पायापाशी उरतो तो झोताच्या कडेचा अंधूक प्रकाश. तेवढ्याच चढावर मात्र मध्य ३.७ मीटरच्या आसपास येतो, म्हणून चढावर वाट चांगली दिसते आणि दिवा ठीक आहे अशी समजूत होते.

‘मी खाली बघतोच की’ असे यावर बहुतेक जण म्हणतात. धावताना खाली बघतात ते डोळे. मान फारशी वाकत नाही, कारण मान वाकवून उतरणे कष्टाचे असते आणि तोल जातो. डोळे खाली गेले तरी दिवा समोरच पाहत राहतो. म्हणून उतार सुरू होण्याआधी दिव्याची मान दोन खाचा खाली करण्याची सवय लावली पाहिजे, आणि चढ लागला की ती परत वर घेतली पाहिजे. खाचांचा टकटक आवाज करत वळणारा दिवा हातमोज्यातूनही अंदाजाने बसवता येतो. नुसत्या घर्षणावर वळणारा दिवा धावण्याच्या हिसक्यांनी आपोआप ढळतो. विकत घेताना ल्यूमेनच्या आकड्याआधी ही गोष्ट तपासावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

एक प्रत्यक्ष उदाहरण: कात्रज ते सिंहगड

पुण्याच्या जुन्या कात्रज बोगद्यापासून सिंहगडापर्यंतची टेकड्यांची रांग रात्री चालणाऱ्यांना आणि धावणाऱ्यांना चांगली परिचयाची आहे. एकामागून एक टेकडी चढायची आणि लगेच उतरायची असा तिचा बाज असल्याने उतारावरचे सगळे दोष तिथे उघडे पडतात. उतारांवर बारीक मुरूम आणि घसारा, मधल्या खिंडींत गवत, काही ठिकाणी उघडा कातळ, आणि पावसाळ्यात अंगावर येणारे धुके, असे सगळे नमुने एकाच वाटेवर मिळतात.

या वाटेवर सराव करणाऱ्या चाळिशीच्या एका धावपटूची तक्रार होती की तिसऱ्या-चौथ्या टेकडीनंतर प्रत्येक उतारावर पाय अडखळतो. त्यांनी आधीचा दिवा बदलून दुपटीहून अधिक ल्यूमेनचा घेतला होता. फरक पडला तो इतकाच की आता ते अधिक वेगाने उतरू लागले आणि पडल्यावर खरचटणे वाढले.

त्यांच्या नोंदीत दोन गोष्टी उठून दिसल्या. एकही ठेच चढावर नव्हती. आणि सुरुवातीच्या दोन उतारांवर तुरळक असलेल्या ठेचा पुढे दाट होत गेल्या होत्या. पहिल्या खुणेवरून दिव्याची जागा आणि कोन यांचा संशय आला, दुसरीवरून बॅटरीचा. दोन्ही दोष एकत्र असू शकतात, म्हणून ते एकेक करून वेगळे केले. एकाच वेळी सगळे बदलले तर कशाने गुण आला हे कळत नाही.

प्रथम एकाच उतारावरून, धावत नव्हे तर चालत, तीनदा उतरायचे ठरले. पहिल्या खेपेला दिवा नेहमीसारखा कपाळावर होता. दुसऱ्या खेपेला तो कपाळावरच ठेवून मान दोन खाचा खाली केली. तिसऱ्या खेपेला कपाळावरचा दिवा मंद ठेवून जुना, कमी ताकदीचा दिवा कमरेच्या पट्ट्याला बांधला. दुसऱ्या खेपेला पायापुढची जमीन उजळली, पण सुटे दगड अजूनही मुरमात मिसळत होते. तिसऱ्या खेपेला प्रत्येक दगडाला सावली आली, आणि त्यांनी स्वतःहून सांगितले की आता पाय कुठे ठेवायचा हे शोधावे लागत नाही. बाजूला टाकलेला जुना दिवा नव्यापेक्षा अधिक कामाला आला.

बॅटरीची तपासणी घरी झाली. टॉर्चच्या आणि हेडलॅम्पच्या खोक्यावर छापलेला ‘चालण्याचा वेळ’ बहुधा एएनएसआय एफएल १ या मानकानुसार असतो, आणि त्या मानकात हा वेळ दिव्याचा प्रकाश सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंत मोजला जातो. म्हणजे ४०० ल्यूमेनचा दिवा आठ तास चालतो असे लिहिले असेल, तर आठव्या तासाच्या शेवटी तो ४० ल्यूमेनवर आलेला असू शकतो, आणि मधले सहा तास तो किती उतरला होता हे खोके सांगत नाही. शिवाय पुष्कळ दिवे तापू नयेत म्हणून पूर्ण ताकदीवर काही मिनिटेच राहतात आणि मग आपोआप खाली येतात. हे हळूहळू घडते आणि डोळे त्यासोबत जुळवून घेतात, म्हणून दिवा मंदावल्याचे धावणाऱ्याला जाणवत नाही.

मोजणी अशी केली: अंधाऱ्या खोलीत दिवा टेबलावर पक्का बसवला, दोन मीटरवर फोन उभा ठेवला, फोनमधल्या उजेड मोजणाऱ्या अॅपवर लक्सचा आकडा पाहिला, आणि दर अर्ध्या तासाने तो लिहून ठेवला. फोनचा आकडा अचूक नसतो, पण इथे लागते ते फक्त गुणोत्तर. दीड तासाने आकडा सुरुवातीच्या तिसऱ्या हिश्श्यावर आलेला दिसला. धावताना वारा लागून दिवा थोडा थंड राहतो, त्यामुळे बाहेर तो एवढा उतरणार नाही हे खरे, पण कल येतो. उपाय म्हणून दिवा सुरुवातीपासूनच मधल्या पायरीवर चालवायचा आणि वरची पायरी अवघड उतारापुरतीच वापरायची असे ठरले. मधल्या पायरीवर दिवा फारसा तापत नाही, आणि त्यांच्या दिव्याचा आकडा तिथे तीन तास जवळजवळ स्थिर राहिला.

कमरेचा दिवा कुठे चालत नाही

कमरेच्या दिव्याचे गुण सांगितल्यावर त्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. पावसाळा सरता सरता, आश्विन-कार्तिकात, डोंगरावरचे गवत गुडघ्याच्या वर जाते. अशा गवतात कमरेचा दिवा जवळची पाती पांढरीफेक करून टाकतो, डोळ्यांची बाहुली त्या चमकेने आकसते आणि गवतापलीकडचे काहीच दिसत नाही. तिथे कमरेचा दिवा बंद करून कपाळावरच्या दिव्याने वरून खाली पाहणे बरे. अशा पट्ट्यात धावूही नये. जमीन दिसत नाही, आणि घोणस, फुरसे, मण्यार हे रात्री हालचाल करणारे विषारी साप वाटेवर असू शकतात. चालत, प्रत्येक पाऊल पाहून टाकावे. दंश झालाच तर धावत खाली उतरू नये, दंश झालेला भाग हलवू नये, चिरा देऊ नये, आवळपट्टी बांधू नये, आणि १०८ क्रमांकाला फोन करून सापाचे प्रतिविष मिळणाऱ्या रुग्णालयात पोहोचावे.

दुसरी मर्यादा हलण्याची आहे. सैल पट्ट्यावरचा दिवा प्रत्येक पावलागणिक डावी-उजवीकडे झुलतो आणि सावल्या नाचू लागतात, त्याने काहींना मळमळते. पट्टा नाभीखाली, नितंबाच्या हाडांवर घट्ट बांधला आणि झोत रुंद निवडला की हे बरेच कमी होते. तरीही ज्यांना ते सहन होत नाही त्यांनी छोटा टॉर्च हातात धरावा. फक्त पडताना हात टेकता येईल अशी पकड ठेवावी, टॉर्चची दोरी मनगटात अडकवून घेऊ नये.

धुके, पाऊस आणि पाखरे

धुक्यात दिवा वाढवणे हा उलटा उपाय आहे. धुक्याचे थेंब उजेड जिथून आला तिकडे परत फेकतात, आणि कपाळावरचा दिवा डोळ्यांशेजारीच असल्याने तो सगळा डोळ्यांत येतो. समोर पांढरी भिंत उभी राहते. कपाळावरचा दिवा पूर्ण बंद करावा, कमरेचा किंवा हातातला दिवा मंद करून खाली पाडावा. दृष्टी दोन-तीन मीटरवर आली तर चालावे. थंडीत स्वतःच्या श्वासाची वाफही हेच करते, विशेषतः चढ संपवून धापा टाकत थांबल्यावर. पहिल्या पावसानंतरच्या आठवड्यांत पाखरे थेट कपाळावरच्या दिव्याकडे झेपावतात आणि डोळ्यांत शिरतात. पारदर्शक काचेचा चष्मा आणि कमरेचा दिवा, दोन्ही तेव्हा उपयोगी पडतात.

वेग दिसणाऱ्या अंतराशी बांधावा

उजेड जागेवर आल्यानंतरही एक कारण शिल्लक राहते, ते म्हणजे वेग. रात्री उजेडाचे लहानसे वर्तुळच दिसत असल्याने घड्याळातला पेस आणि मनातला पेस जुळत नाहीत. कोणी दिवसाच्या आकड्याचा पाठलाग करतो, तर कोणाला आपण फार जोरात जात आहोत असे वाटते. म्हणून पेस घड्याळावर न ठरवता दिसणाऱ्या अंतरावर ठरवावा.

त्यासाठी सोपी चाचणी आहे. उतरताना, ज्या अंतरावर दगड दगड म्हणून स्पष्ट ओळखू येतो, तिथला एक दगड मनाशी धरावा आणि तिथे पोहोचेपर्यंतची पावले मोजावीत. मिनिटाला १७० पावले पडत असतील, तर सहा पावलांना दोन सेकंदांहून किंचित अधिक वेळ लागतो. पाहणे, पाय कुठे टाकायचा ते ठरवणे आणि गरज पडल्यास वळणे, एवढ्यासाठी हा वेळ पुरतो. सहापेक्षा कमी पावलांत दगड पायाशी येत असेल, तर वेग दिव्याच्या पुढे गेला आहे. सहा मिनिटांना किलोमीटर या पेसने सेकंदाला सुमारे २.८ मीटर कापले जातात, म्हणजे पाच मीटर स्पष्ट दिसत असताना जेमतेम १.८ सेकंद मिळतात. तेच उतारावर साडेचार मिनिटांचा पेस झाला, तर १.४ सेकंदही मिळत नाहीत.

वेग कमी करताना पावलांची गती तशीच ठेवावी आणि पाऊल आखूड करावे. पाऊल आखूड असले की पाय शरीराच्या खाली पडतो, दगड निसटला तरी दुसरा पाय लगेच जमिनीवर येतो. पावलांची गती कमी करून लांब ढांगा टाकत उतरणे रात्री सर्वांत घातक ठरते. कात्रजच्या त्या धावपटूंनाही शेवटची सुधारणा इथेच झाली. उतारांवरचा त्यांचा वेळ वाढला, पण दर उतारानंतर थांबून गुडघा चोळण्यात जाणारा वेळ वाचल्याने सिंहगडाच्या पायथ्याला पोहोचण्याची वेळ फारशी बदलली नाही.

सडकेवर: दिपणे आणि दिसणे

टेकडीपर्यंत जाण्यायेण्यात सडक असतेच. आपल्याकडे वाहने डावीकडून चालत असल्याने धावणाऱ्याने उजव्या कडेने, समोरून येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून धावावे. घाटातल्या आंधळ्या वळणावर मात्र, जिथे उजवी कड डोंगराला चिकटलेली असते आणि वाहनचालकाला आपण शेवटच्या क्षणी दिसणार असतो, तिथे वळणाआधीच दोन्हीकडे पाहून रस्ता ओलांडावा आणि वळण संपल्यावर परत यावे.

समोरच्या गाडीचा प्रखर झोत डोळ्यांवर आला की डोळे पूर्ववत व्हायला काही सेकंद लागतात, आणि अंधाराला पूर्ण सरावायला अर्धा तासही लागू शकतो. गाडी दिसताच नजर रस्त्याच्या उजव्या कडेवर खिळवावी, मान थोडी झुकवून टोपीच्या झापेआड झोत घ्यावा, आणि शक्य असल्यास एक डोळा मिटून ठेवावा. गाडी गेल्यावर तो उघडला की निदान एका डोळ्याची सवय शाबूत राहते. त्या काही सेकंदांत धावणे थांबवून चालणे हाच खरा उपाय आहे, कारण साईडपट्टीचा तुटलेला काठ आणि उघडे चेंबर नेमके त्याच कडेला असतात.

चालकाच्या बाजूने पाहिले तर कपाळावरचा एकटा पांढरा ठिपका त्याला लांबच्या दुचाकीसारखा वाटू शकतो आणि अंतराचा अंदाज चुकू शकतो. घोट्यांवर आणि गुडघ्यांवर परावर्तक पट्ट्या बांधल्या तर त्या वर-खाली हलतात आणि ती माणसाची चाल आहे हे चालकाच्या लगेच ध्यानात येते. छातीवरचे नुसते चमकते जाकीट एवढे काम करत नाही. ताशी ६० किलोमीटरने येणारी गाडी दोन सेकंदांत ३३ मीटर येते, म्हणून ओळखायला लागणारा वेळ जितका कमी तितके बरे. पाठीला लाल दिवा लावावाच, कारण ओव्हरटेक करणारे वाहन मागून आपल्या कडेला येऊ शकते. गळिताच्या हंगामात ऊस भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि बैलगाड्या बिनदिव्याच्या असतात आणि उसाचे शेंडे बाहेर डोकावत असतात. अशा वेळी डांबरावरून उतरून उभे राहावे. समोर माणूस आला तर हेडलॅम्प हाताने झाकावा किंवा खाली वळवावा. तोही अंधारात चालतो आहे.

एवढे करूनही ठेच लागत असेल तर

दिवा खाली आणला, कोन बसवला, बॅटरीची खात्री केली, वेग आवरला, आणि तरीही रात्रीच पाय चुकत असेल, तर डोळ्यांकडे वळावे. काही जणांना अंधूक उजेडात दिवसापेक्षा जास्त लांबचे धूसर दिसते. दिवसा चष्म्याची गरज न भासणाऱ्यालाही रात्री अर्ध्या नंबराचा चष्मा लागू शकतो. चाळिशीनंतर समोरच्या दिव्याभोवती वलये दिसू लागली, तर मोतीबिंदूची सुरुवात तपासून घ्यावी. आणि चांदण्यात घरच्या इतरांना दिसणाऱ्या गोष्टी आपल्याला दिसत नसतील, तर रातांधळेपणाची शंका धरावी. नेत्रतज्ज्ञांकडे जाताना फक्त ‘रात्री नीट दिसत नाही’ असे न सांगता वरची नोंदवही सोबत न्यावी: किती अंतरावरचा दगड ओळखू येतो, गाडी गेल्यावर किती वेळाने पुन्हा दिसू लागते, आणि त्रास दोन्ही डोळ्यांना आहे की एकाच, हे एकेक डोळा झाकून पाहिलेले असावे.